कोयनेल आणि क्लोरोक्विन: नावं जुळतात, काम कुठवर जुळतं?

सोलापूरच्या पूर्व भागात माझी रक्ततपासणीची छोटी लॅब आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा नुकताच संपला होता. गल्लीतले एक अण्णा, उभी हयात मागावर काढलेले, माझ्या टेबलावर दोन पाकिटं ठेवून उभे राहिले. एक पाकीट घरातल्या कपाटातलं, क्लोरोक्विनच्या गोळ्यांचं. दुसरं औषधाच्या दुकानातून नुकतंच आणलेलं, क्विनीनचं. मुलाची नोकरी गडचिरोलीकडे, सून तिकडून हिवताप घेऊन आली होती. तिला तिसरा महिना होता. तिची स्लाइड मीच पाहिली होती आणि त्यात फॅल्सिपेरम या हिवतापाच्या घातक जंतूच्या अंगठ्या, म्हणजे त्याची अंगठीसारखी दिसणारी कोवळी अवस्था, स्पष्ट दिसत होत्या.

"साहेब, हे पण कोयनेल, ते पण कोयनेल. घरात आहे ना, मग डॉक्टरांनी ते दुसरं कशाला लिहिलं?"

अण्णांचा गोंधळ अडाणीपणाचा नव्हता. आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी हिवतापाची कुठलीही कडू गोळी म्हणजे कोयनेल. शिवाय दोन्ही नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात, आणि त्याला कारण आहे. सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन वेगळं काढलं पेलेतिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी, १८२० साली. पुढे सालीतली द्रव्यं अल्कलीबरोबर तापवली तेव्हा एक तेलकट पदार्थ मिळाला, त्याला क्विनीनवरूनच क्विनोलिन नाव पडलं. आणि १९३४ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत हान्स आंदरझाग यांनी क्विनोलिनच्या सांगाड्याला क्लोरीन जोडून जे औषध बनवलं ते क्लोरोक्विन. म्हणजे क्विनीन झाडाचं, क्लोरोक्विन कारखान्याचं. सांगाडा मात्र एकच: एकमेकांना चिकटलेली दोन चपटी कडी.

या सांगाड्यामुळे दोघांची शिकारीची जागाही एकच आहे. ती समजली की फरक आपोआप कळतो, म्हणून आधी तिथेच जाऊ.

हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो तो खायला. पेशीत खाण्यासारखं एकच काय ते भरपूर असतं, हिमोग्लोबिन. जंतू ते घोटाघोटाने गिळतो आणि आपल्या पोटातल्या एका आंबट थैलीत नेऊन कापतो. प्रथिनाचे तुकडे त्याच्या कामाचे. पण हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत चार हीम असतात, म्हणजे मधोमध लोखंडाचा अणू धरून बसलेल्या चार चपट्या चकत्या. प्रथिन गेलं की त्या मोकळ्या सुटतात, आणि मोकळं हीम म्हणजे जहालच. ते पटलांच्या स्निग्ध थरात घुसतं, त्यातल्या लोखंडापायी ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात, आणि थैलीची भिंतच फुटायला लागते.

किती हीम, याचा अंदाज घ्यायला लांब जायला नको. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवर एमसीएच नावाचा आकडा असतो. एका तांबड्या पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन आहे ते त्यात पिकोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. तो ३० धरला तर एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २८ कोटी रेणू होतात आणि हीमच्या सुमारे ११२ कोटी चकत्या. ४८ तासांच्या फेरीत फॅल्सिपेरम यातला निम्म्याहून पुष्कळ जास्त भाग फस्त करतो. ७० टक्के धरा, तर एका जंतूच्या पोटात जवळपास ७८ कोटी विषारी चकत्या सुटतात.

माणसाच्या शरीरातही हीम सुटतंच. पण आपल्याकडे ते फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. मार लागल्यावर काळंनिळं पडलेलं अंग काही दिवसांत हिरवट आणि मग पिवळं होतं, ते हीम फुटताना दिसणारेच रंग. जंतूच्या थैलीत अशी फोडाफोड चालत नाही. त्यामुळे त्याने वेगळी शक्कल काढली आहे. विष मोडायचं नाही, गोठवून ठेवायचं.

ही शक्कल बघण्यासारखी आहे. हीमच्या चकतीच्या कडेला आम्लाच्या दोन छोट्या शेपट्या असतात. आंबट थैलीत एका चकतीची शेपटी दुसरीच्या मधल्या लोखंडाला धरते आणि दुसरीची शेपटी पहिलीच्या लोखंडाला. अशी हातात हात दिलेली जोडी तयार झाली की उरलेल्या शेपट्या शेजारच्या जोड्यांना हायड्रोजन बंधांनी बांधून घेतात. आपल्याकडच्या कडक भाकरीची चळत डोळ्यांपुढे आणा, फक्त प्रत्येक भाकरीने शेजारणीला घट्ट धरलंय असं समजा. चळत वाढत जाते आणि तिचा स्फटिक होतो. हा हिमोझॉइन. त्याची ही नेमकी रचना २००० साली क्ष-किरणांच्या अभ्यासातून पक्की झाली. त्याआधी काही वर्षं लोक एखादं विकर हे काम करतं असं मानत होते. आता हे बव्हंशी स्निग्ध पदार्थाच्या सान्निध्यात घडणारं रासायनिक स्फटिकीकरण मानलं जातं.

स्फटिकात बांधलं गेलेलं हीम पटलांना त्रास देत नाही. हीम आणि हिमोझॉइन यांत रेणू तोच, एक विष आणि दुसरं विटांचा ढीग. सूक्ष्मदर्शकात हाच ढीग मला तपकिरी-काळ्या कणांच्या रूपात दिसतो. त्याला वेगळा रंग द्यावा लागत नाही, रंग त्याचा स्वतःचा. १८८० साली अल्जीरियात लाव्हरां यांनी जंतू पाहिला तो या कणांच्या मागावर राहूनच, आणि १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटाच्या भिंतीत जंतू ओळखू आला तोही या काळ्या ठिपक्यांमुळे. रॉस यांचं ते काम सिकंदराबादचं, म्हणजे आपल्या स्टेशनवरून रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचावं इतक्या अंतरावरचं. हा आपला उगाच अभिमान.

आता औषधं. क्विनीन असो की क्लोरोक्विन, दोघंही जंतूला थेट विष पाजत नाहीत. जंतूचं स्वतःचं विष गोठू देत नाहीत, एवढंच. मारतं ते हीम. नळ तुंबवला की घर आपल्याच सांडपाण्यात बुडतं, तसं.

पण नळ तुंबवायची दोघांची तऱ्हा वेगळी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नळापर्यंत पोचायची वाट वेगळी.

आधी पकड पाहू. क्लोरोक्विनची चपटी कडी हीमच्या चकतीवर पालथी पडतात, झाकणासारखी. वाढत्या स्फटिकाच्या पृष्ठभागावरही ती अशीच चिकटून बसतात आणि नवा थर पुढे सरकू देत नाहीत. क्विनीनही चकतीवर पालथं पडतंच, पण त्याला आणखी एक हात आहे. रेणूच्या मधल्या भागात ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा जो गट असतो, त्यातला हायड्रोजन सोडून ऑक्सिजन थेट हीमच्या लोखंडाला धरतो. हे २०१२ साली क्विनीन आणि हीम यांच्या एकत्र स्फटिकातून डोळ्यांनी दिसावं इतकं स्पष्ट झालं. शिवाय क्विनीनच्या पिंजऱ्यासारख्या टोकातला धनभारित नायट्रोजन हीमच्या शेपटीला बांधून घेतो. म्हणजे शेजारच्या चकतीने जिथे हात घालायचा ती लोखंडाची जागा अडली आणि जिने दुसऱ्याला धरायचं ती शेपटीही गुंतली. मला तरी ही पकड क्लोरोक्विनपेक्षा देखणी वाटते. आंदीजच्या डोंगरातल्या एका झाडाने हिवतापाचा जंतू कधी पाहिलेला नसताना हा रेणू घडवला, हे लक्षात घेतलं तर जास्तच.

मग प्रश्न पडतो, की इतकी नेटकी पकड असून क्विनीन क्लोरोक्विनपेक्षा कमजोर का? क्लोरोक्विनला बळी पडणाऱ्या जंतूवर क्लोरोक्विन क्विनीनच्या कितीतरी कमी मात्रेत काम करतं. उत्तर थैलीच्या आंबटपणात आहे.

दोन्ही औषधं अल्कधर्मी आहेत. बाहेर रक्तात त्यांचा काही भाग भाररहित असतो आणि तो पटलातून सहज आत शिरतो. आंबट थैलीत आल्यावर रेणू प्रोटॉन घेऊन धनभारित होतो आणि भारित रेणूला पटल ओलांडता येत नाही. आत यायला दार उघडं, बाहेर जायला बंद. क्विनीनचा एकच नायट्रोजन या आंबटपणाला नीट प्रतिसाद देतो, दुसरा फारसा नाही. क्लोरोक्विनचे मात्र दोन्ही.

हिशेब सोपा करायला रक्ताचा पीएच ७.४ आणि थैलीचा ५.४ धरा. पीएचमध्ये २ चा फरक म्हणजे आंबटपणात १०० पटींचा फरक. एकच प्रोटॉन घेणारं क्विनीन या हिशेबाने आत सुमारे १०० पट साठेल. दोन प्रोटॉन घेणारं क्लोरोक्विन १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० पट. प्रत्यक्षात आकडे इतके गुळगुळीत येत नाहीत, कारण आत गेल्यावर हीमला चिकटून राहणं हाही साठ्याचा मोठा भाग आहे. पण दोघांतलं अंतर कुठून येतं ते यातून कळतं. क्लोरोक्विन झुंडीने येतं. क्विनीन मोजकंच येतं आणि घट्ट धरतं.

अण्णांना मी हे सगळं सांगितलं नाही, अर्थात. मी म्हटलं, "अण्णा, दोघं एकाच कामाला येणारे कामगार आहेत. पण सूनबाईंच्या अंगातला जंतू एकाला दारातूनच हाकलतो, दुसऱ्याला हाकलायला त्याला जमत नाही."

हे दार रूपकातलं नाही. थैलीच्या पटलात पीएफसीआरटी नावाचं एक वाहक प्रथिन आहे. त्याच्या साखळीत ७६ व्या जागेवर मुळात लायसिन नावाचं धनभारित अमिनो आम्ल असतं. क्लोरोक्विनवरही धनभार, दोघं एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे ते या वाटेने बाहेर पडू शकत नाही. क्लोरोक्विनला न जुमानणाऱ्या फॅल्सिपेरममध्ये त्या जागी भार नसलेलं थ्रिओनिन आलेलं असतं, शिवाय आजूबाजूला आणखी काही बदल. पहारेकरी हटला, दार मोकळं झालं आणि दहा हजारांची झुंड बाहेर सांडायला लागली. हा बदल २००० साली पक्का ओळखला गेला. भारतात क्लोरोक्विन फॅल्सिपेरमवर चालत नाही अशी पहिली नोंद मात्र १९७३ सालची, आसाममधली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. या जंतूत हीम बदललेलं नाही. हीम जंतूच्या जनुकांत लिहिलेलं नसतं, ते आपल्या हिमोग्लोबिनमधून येतं आणि त्याच्या स्फटिकाची रचनाही रसायनशास्त्र ठरवतं. म्हणून लक्ष्य बदलून औषध चुकवणं जंतूला जमत नाही. जमतं ते एवढंच, औषधाला लक्ष्यापर्यंत पोचू न देणं. आणि तिथे क्विनीन वेगळं पडतं. तेच बदललेलं दार क्विनीनला क्लोरोक्विनइतक्या सहजी बाहेर काढत नाही, म्हणून क्लोरोक्विन थकलं तिथेही क्विनीन चालत राहिलं. अगदी अजिंक्य नाही. त्याचाही जोर काही भागांत, विशेषतः आग्नेय आशियात, कमी झालेला दिसला आहे. पण ते एका जागेच्या बदलाने होत नाही, त्यात अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असतो.

दोघं खरंच एकाच जागेसाठी भांडतात याचा एक जुना पुरावा मला फार आवडतो. उंदरांना होणाऱ्या हिवतापाच्या जंतूवर क्लोरोक्विन टाकलं की त्याच्या पोटातले विखुरलेले कण तासाभरात एकत्र येऊन गोळा होतात, सूक्ष्मदर्शकात सरळ दिसतं. क्विनीनने तसं होत नाही. उलट क्विनीन आधी टाकलं तर क्लोरोक्विनलाही गोळा करता येत नाही, क्लोरोक्विनची मात्रा वाढवावी लागते. १९७० च्या दशकातले हे प्रयोग. जागा एक, हक्क दोघांचा, पण बसल्यावर वागणं वेगळं.

दुसरा पुरावा मला रोजच्या कामात भेटतो. या औषधांचं लक्ष्य हिमोग्लोबिनचं पचन असेल, तर जो जंतू त्या घडीला खात नाही त्यावर ती चालायला नकोत. तसंच घडतं. यकृतातल्या अवस्थेत जंतूला हिमोग्लोबिन नसतंच, तिथे क्विनीनही निकामी आणि क्लोरोक्विनही. व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या जातीचे झोपलेले जंतू यकृतात राहतात, म्हणून त्यावर प्रायमाक्विन हे औषध वेगळं द्यावं लागतं. कोवळ्या अंगठ्या अजून पोटभर खायला लागलेल्या नसतात, त्यांच्यावर क्विनीनचा मारा सौम्य. खरा मारा पेशीत वाढलेल्या, भुकेल्या जंतूवर. फॅल्सिपेरमचा भुकेला जंतू तोवर मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसलेला असतो. गंभीर हिवतापात क्विनीन मागे पडण्याचं एक मोठं कारण हेच. आर्टेसुनेट हे दुसरं औषध कोवळ्या अंगठ्यांनाही मारतं, त्या चिकटायच्या आत. २००५ साली आशियातल्या मोठ्या चाचणीत क्विनीन दिलेल्यांपैकी २२ टक्के रुग्ण दगावले, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५ टक्के. त्यानंतर गंभीर रुग्णाला शिरेतून क्विनीन देणं हळूहळू बंद होत गेलं.

हीमखेरीज क्विनीन आणखी कुठे हात घालतं का? घालत असावं. २०१९ साली एका वेगळ्या पद्धतीने शोध घेतला तेव्हा क्विनीन जंतूच्या प्युरीन वापरणाऱ्या एका विकरालाही बांधलं जातं असं दिसलं. क्लोरोक्विनच्या बाबतीत मात्रा वाढवली की मोकळं हीम वाढतं आणि हिमोझॉइन घटतं, त्या प्रमाणात जंतू मरतात, ही साखळी जंतूच्या आत मोजून दाखवलेली आहे. क्विनीनच्या बाबतीत हीमची गोष्ट पक्की आहे, पण ती एकटीच आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही.

आता पाकिटावरच्या फरकाकडे. व्हायव्हॅक्सला क्लोरोक्विन तीनच दिवस, कारण ते शरीरात मुरून आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. क्विनीनचं निम्मं प्रमाण अर्ध्या दिवसाच्या आसपास, आजारात थोडं उशिरा, उतरतं. जंतूची एक फेरी ४८ तासांची. तेव्हा निदान तीन फेऱ्या झाकायच्या तर दर आठ तासांनी गोळी, आणि ती सात दिवस. साठ किलोच्या माणसाला एका वेळी ६०० मिलिग्रॅम, दिवसाला १८०० होतात. टॉनिक वॉटरमध्येही क्विनीन असतं म्हणून कोणी खांदे उडवत असेल तर सांगतो, अमेरिकेच्या नियमाने त्यात लिटरला फार तर ८३ मिलिग्रॅम चालतं. एका दिवसाचा डोस भरून काढायला वीस लिटरच्या वर प्यावं लागेल. आणि २०२० साली फळांच्या साली उकळून औषध बनवायच्या ज्या चिठ्ठ्या मोबाइलवर फिरत होत्या त्या निव्वळ थापा. संत्र्याच्या सालीत क्विनीन नसतं.

सुनेला डॉक्टरांनी क्विनीन लिहिलं होतं, सोबत क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक. त्या काळी पहिल्या तीन महिन्यांत फॅल्सिपेरमला तोच रिवाज होता, २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तिथेही आर्टेमीथर-ल्युमेफॅन्ट्रिन या जोड औषधाला पसंती दिली आहे. तिसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. सुनेच्या कानात रातकिडे ओरडतात म्हणे. ही कोयनेलची जुनी खूण, गोळी थांबवली की बहुधा ओसरते. मी डॉक्टरांना कळवायला सांगितलं आणि एक गोष्ट बजावली: "गोळी उपाशीपोटी नको, अण्णा. साखर उतरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच दवाखाना." क्विनीन स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावतं आणि गरोदरपणात हा धोका वाढतो. कान वाजतात म्हणून मधेच गोळ्या सोडणारे मी पाहिलेत. मग उरलेला जंतू पुन्हा डोकं वर काढतो.

सुनेने सात दिवस पुरे केले. स्लाइड करायला अण्णा स्वतः घेऊन आले, म्हणाले मला पण दाखवा. अंगठी एकही नव्हती. पण दोन ठिकाणी केळ्याच्या आकाराचे जंतू होते, मधोमध कणांचा पुंजका घेतलेले. अण्णांचा चेहरा उतरला. "म्हणजे औषध लागलं नाही?"

लागलं होतं. केळ्यासारखा दिसतो तो जंतूचा नर किंवा मादी, डासाची वाट बघत बसलेला. त्याचं खाणं कधीच आटोपलेलं असतं, पोटातलं हीम गोठवून झालेलं असतं. ज्याचं काम संपलंय त्याचा नळ तुंबवून काय होणार? तो आजार वाढवत नाही, डासात मात्र जाऊ शकतो. गरोदर बाईला प्रायमाक्विन देता येत नाही, म्हणून डासाला तिच्यापासून लांब ठेवणं एवढंच हातात. मी मच्छरदाणीचं सांगितलं.

मग स्लाइड थोडी सरकवली आणि एक पांढरी पेशी त्यांच्यासमोर आणली. तिच्या पोटात तीन-चार काळपट कण होते. जंतू मेले, पेशीने त्यांचा कचरा गिळला, आणि तो तिलाही चटकन पचत नाही.

अण्णा बराच वेळ डोळा लावून बसले होते. "हेच ते गोठलेलं विष?"

"हेच. यातलं एक कणभरही आता कुणाला चावणार नाही."

क्लोरोक्विनचं जुनं पाकीट त्यांनी माझ्याच टेबलावर सोडलं. मुदत बघितली, दोन वर्षांपूर्वीच संपली होती.